वृद्धांची शुश्रूषा आणि कार्यालयाची वेळ

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये वृद्ध माता-पित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आहे. औषधोपचाराचा समावेशही या निर्वाहात होतो. मात्र शुश्रूषेसाठी नोकरीच्या वेळेत सवलत मिळण्याचा हक्क हा अधिनियम देत नाही. महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कर्मचाऱ्याला शनिवार मोकळा मिळाला. पण रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले व कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्याची अडचण बहुधा सकाळच्या तासाची असते, आणि ती शनिवारच्या सुट्टीने सुटत नाही.

अशा कर्मचाऱ्याचा अर्ज आला म्हणजे कार्यालयप्रमुखाने तो कोणत्या कसोट्यांवर पारखावा, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल.

अर्ज व त्यामागील गरज

कोल्हापुरातील एका कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत तीन लिपिक आहेत. आवक लिपिक उचगावहून येतो. त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला आहे. त्यांना उठवून बसविणे वृद्ध आईला झेपत नाही. मदतनीस बाई सकाळी दहाला येते. म्हणून त्याने १०.४५ ते ७.१५ अशी वेळ मागितली आहे. कामाचे तास तेवढेच राहतात. तरीही केवळ तासांची बेरीज जुळली म्हणून अर्ज मंजूर करणे योग्य नव्हे. त्या एका तासात त्याच्या खुर्चीवर कोणते काम अडते, हे प्रथम पाहावयास हवे.

कामाचे मोजमाप

शाखाप्रमुखाने दहा दिवस अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर नोंद ठेवली. मंगळवार ते शुक्रवार पहिल्या तासात पाच-सहा माणसे येतात. सोमवारी, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर, वीसच्या आसपास. टपाल दुपारी येते. जावक लिपिकाचे कामही दुपारनंतरच वाढते. यावरून निर्णय आपोआप स्पष्ट होतो: चार दिवस पहिला तास जावक लिपिक खिडकी सांभाळू शकतो, सोमवारी नाही. सोमवारपुरते मदतनीस बाईला लवकर बोलाविण्याची व्यवस्था अर्जदाराने करावी.

सहकाऱ्याचा भार

बहुतेक सवलती येथेच फिसकटतात. अर्जदाराचा तास शेजारच्या सहकाऱ्यावर पडतो, तो संकोचाने बोलत नाही आणि काही महिन्यांनी शाखेत धुसफूस सुरू होते. म्हणून जावक लिपिकाला स्वतंत्रपणे विचारावे व त्याचे चार तास परत मिळतील असे पाहावे. येथे ते शक्य आहे. सायंकाळी ६.१५ नंतर खिडकी बंद असते; त्या तासात आवक लिपिकाने जावक नोंदवहीतील राहिलेल्या नोंदी पूर्ण कराव्यात. सायंकाळी एकट्याने करण्याजोगे काम नसेल, किंवा इमारतच बंद होत असेल, तर वाढीव तास कागदावरच राहतो. जावक लिपिक रजेवर असेल त्या दिवशी खिडकी कोणी उघडावी, तेही आदेशात लिहावे.

मुदत आणि तपासणी

तोंडी सवलत देऊ नये. सक्षम अधिकाऱ्याची लेखी मान्यता घेऊन तीन महिन्यांची मुदत घालावी. हजेरीपटावरून व्यवस्था बिघडल्याचे लवकर कळत नाही. अर्जाची पोच त्याच दिवशी मिळते काय, शुक्रवारी जावक नोंदी किती शिल्लक राहतात आणि जावक लिपिकाच्या किरकोळ रजा वाढल्या काय, या तीन गोष्टी पाहाव्यात.

नकार द्यावा लागल्यास

एकशिक्षकी शाळेत किंवा एकाच कर्मचाऱ्यावर चालणाऱ्या ग्रामपंचायत कार्यालयात त्या तासाला पर्यायी माणूस नसतो. तेथे वेळ बदलण्याऐवजी अर्जित रजा, अर्धवेतनी रजा किंवा घराजवळ विनंती बदली हेच मार्ग उरतात. केंद्र शासनानेही जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत स्पष्ट केले की, त्याच्या कर्मचाऱ्यांना वृद्ध पालकांच्या शुश्रूषेसाठी वर्षाची ३० दिवसांची अर्जित व २० दिवसांची अर्धवेतनी रजा वापरता येते.

नकाराचे कारण मात्र नेमके असावे. ब्रिटनमध्ये प्रौढ आप्तांची शुश्रूषा करणाऱ्यांना वेळबदलाची मागणी करण्याचा कायदेशीर हक्क २००७ मध्ये मिळाला. तेथे नकार कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच एखाद्यावर द्यावा लागतो. जनतेच्या कामास बाध, सहकाऱ्यांत काम वाटून देणे अशक्य, मागितलेल्या वेळेत पुरेसे काम नाही, ही त्यांतलीच कारणे. ‘एकाला दिले तर सर्वांना द्यावे लागेल’ हे कारण त्या यादीत नाही. दुसऱ्याचा अर्ज येईल तेव्हा त्याच्याही खुर्चीवरचे काम असेच मोजावे. एका वेळी दोघांना मुभा देता येत नसेल, तर ते त्या मोजमापातूनच दिसेल आणि अर्जदारालाही दाखविता येईल.