भाकरी एक, नोंदी तीन

प्रश्न : अ‍ॅपमध्ये ‘ज्वारीची भाकरी’ शोधली की ९०, २०० आणि ३४० कॅलरीच्या तीन नोंदी दिसतात. ज्या नोंदीवर जास्त लोकांची पसंती दिसते, तीच बरोबर धरू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : पसंतीवर जाऊ नका; चुकीची नोंदही पुष्कळजण वापरत असतात. सातारा-सांगलीकडे घरागणिक भाकरीचा आकार बदलतो, त्यामुळे ‘एक भाकरी’ हे मापच फसवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीला साधारण ३३५ कॅलरी आहेत. म्हणजे तुमची ३४० ची नोंद बहुधा कोरड्या पिठाची. कुणीतरी ती भाकरीच्या नावावर खपवली. एका भाकरीचं पीठ काट्यावर तोला. ६० ग्रॅम भरलं तर कॅलरी सुमारे २००. भाजलेली भाकरी ९५ ग्रॅम भरली तरी कॅलरी तेवढ्याच, कारण वाढलेलं वजन पाण्याचं. दळणादळणात फरक पडणार नाही का? पडेल, पण तो पीठ-भाकरीच्या घोळाइतका मोठा नसतो. ‘माझी भाकरी, ६० ग्रॅम पीठ’ अशी स्वतःची नोंद करा आणि बाकीच्या आवडत्या यादीतून काढा. इतरांची नोंद सहसा पुसता येत नाही, चूक कळवता येते. मागच्या दिवसांचे आकडे मात्र हातानेच दुरुस्त करावे लागतील. इन्सुलिन घेत असाल तर या आकड्यांवरून डोस परस्पर बदलू नका, डॉक्टरांना विचारा.