उदबत्ती, स्प्रे की मेणबत्ती? नाकाचा, डोक्याचा आणि खिशाचा हिशेब

घरात सुवास असावा म्हणून महिन्याला किती रुपये जातात, याचा हिशेब बहुतेक घरांत कुणी करत नाही. किराणा घेताना उदबत्तीचा पुडा येतो, संडासात लटकवायची पुडी येते, पाहुणे येणार म्हणून स्प्रेचा डबा येतो आणि दिवाळीत भेट मिळालेली वासाची मेणबत्ती कपाटावर पडून असते. रक्कम फार नाही. पण यातलं एखादं घरातल्या कुणाचं तरी डोकं धरत असेल, तर त्या डोकेदुखीच्या गोळ्याही याच खर्चात धरायला हव्यात.

आधी दर पाहू. नगरच्या कापड बाजारात किंवा चितळे रोडला फिरलात तर दुकानागणिक किमती थोड्याफार बदलतील, म्हणून हे आकडे ढोबळ समजा. शंभर ग्रॅमचा साधा उदबत्तीचा पुडा साठ ते ऐंशी रुपयांना पडतो आणि त्यात सत्तर-ऐंशी काड्या निघतात. सकाळ-संध्याकाळ एकेक काडी लावली तर महिन्याला साठ काड्या, म्हणजे पन्नास-साठ रुपये. मसाल्याची चांगली बत्ती घ्याल तर हाच खर्च दोनशेच्या पुढे जातो. संडास-बाथरूमसाठीची पुडी किंवा वडी पन्नास-साठ रुपयांना मिळते आणि महिनाभर चालते. तीन ठिकाणी लावली की दीडशे-पावणेदोनशे झाले. स्प्रेचा डबा दीडशेच्या आसपास, पण तो किती दिवस पुरेल हे बटणावरच्या बोटावर अवलंबून. काचेच्या भांड्यातली वासाची मेणबत्ती तीनशे ते पाचशे रुपये आणि ती जळते साधारण तीस-पस्तीस तास. म्हणजे तासाला दहा-पंधरा रुपये. या यादीत सर्वांत महाग सुवास तोच.

आता हवेचं पाहू. इथे एक भेद सुरुवातीलाच लक्षात घेतलेला बरा. हवा सर्वांत जास्त खराब करणारी वस्तू आणि डोकं सर्वांत जास्त दुखवणारी वस्तू एकच असेल असं नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि भलतीच वस्तू घरातून हद्दपार करतात.

हवेच्या बाबतीत उदबत्तीचा नंबर पहिला. एक ग्रॅम उदबत्ती जळाली की सुमारे ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. सिगारेटच्या बाबतीत हाच आकडा दहाच्या आसपास असतो. हे मोजमाप जुनं आहे आणि बत्तीगणिक ते कमीजास्त होतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. सावेडीतल्या एखाद्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची देवघराची खोली घ्या. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. काडीवरचा जळणारा मसाला एक ग्रॅम धरला आणि दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या असल्या, तर दर घनमीटरला सुमारे १६०० मायक्रोग्रॅम कण होतात. आपल्याकडे बाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ या बारीक कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे.

हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवणं मात्र बरोबर नाही. एक थोड्या वेळाचा आहे, दुसरा दिवसभराच्या सरासरीचा. म्हणून असं करू: बंद खोलीत तो धूर हळूहळू खाली बसत तीन तास सरासरी ८०० राहिला, तर दिवसाच्या सरासरीत त्या एका काडीनेच १०० ची भर घातली. तीच काडी खिडकी उघडी ठेवून लावली, दहातले नऊ भाग धूर बाहेर गेला आणि उरलेला अर्धा तास टिकला, तर भर पडते तीन-चारची. काडी तीच आणि देवही तोच, फरक फक्त खिडकीचा.

म्हणूनच शिंगणापूरला किंवा शिर्डीला जे चालतं ते फ्लॅटमध्ये चालेलच असं नाही. शनीची शिळा उघड्या आभाळाखाली आहे. द्वारकामाईतली धुनी अखंड जळते, पण ती जागा शयनघर नव्हे. तिथून भक्तिभावाने आणलेला धूप किंवा कपातला सांबराणी धूप आपण गुरुवारी संध्याकाळी, डास येतात म्हणून सगळ्या खिडक्या लावून, पाळण्यातल्या बाळाशेजारी पेटवतो. धूपकांडीत मधली बांबूची काडी नसते, ती जाड असते आणि सगळीच्या सगळी जळते. कप त्याहून जड. एका कपाचा धूर अनेक काड्यांइतका होऊ शकतो. शिवाय कोळशाची पूड नुसती धुमसते तेव्हा थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला वास नसतो आणि डोकं जड होणं ही त्याची पहिली खूण.

उदबत्ती कोणती घ्यावी, हे पुड्यावरच्या चित्रावरून कळत नाही. काडी हातात घेऊन पाहा. स्वस्त बत्तीत कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटण्यासाठी जिगट यांची काळी कच्ची बत्ती आधी वळतात आणि मग ती अत्तरात बुडवतात; ते अत्तर पातळ करायला डायइथाइल थॅलेटसारखं द्रावण वापरतात. अशी काडी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून रात्रभर ठेवली तर तेलकट डाग उमटतो. पुडा फोडताच दरवळ येतो, पण पेटवल्यावर दोन मिनिटांत नुसता जळका वास उरतो. मसाल्याची बत्ती तपकिरी, किंचित खडबडीत असते. न पेटवता वास मंद आणि पेटवल्यावर खुलतो. तिच्यात द्रावण कमी असतं एवढाच फायदा. धूर तिचाही होतोच, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द छापल्याने कण कमी होत नाहीत. सिंगापूरमध्ये ६१ हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकाळ घरात धूप जाळणाऱ्यांमध्ये नाक-घशाकडच्या वरच्या श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त दिसलं. फुप्फुसाच्या कर्करोगाशी मात्र एकूणात संबंध आढळला नाही. घाबरून देवपूजा थांबवण्याइतकं हे नाही. पण दिवसाला चार-पाच काड्या जाळणाऱ्या घरांनी दोनवर यायला हे कारण पुरेसं आहे.

मेणबत्तीचं वागणं वेगळं. ज्योत स्थिर असेल तर तिचा धूर उदबत्तीच्या मानाने फारच थोडा. पण आपल्याकडे छताचा पंखा चालू असतो. पंख्याखाली ज्योत फडफडते, मेण अर्धवट जळतं आणि काजळी धरते. काचेच्या भांड्याचा काठ काळा पडू लागला की समजा हेच होतंय. वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून छाटायची आणि वाऱ्यापासून दूर लावायची. विझवताना फुंकर मारू नका, झाकण ठेवा. सर्वांत जास्त धूर त्या शेवटच्या फुंकरीत असतो.

स्प्रे आणि लटकवायच्या पुड्या धूर करत नाहीत, म्हणून लोकांना त्या निर्धोक वाटतात. डोकेदुखीच्या तक्रारीत माझा पहिला संशय मात्र यांच्यावरच असतो. उदबत्ती अर्ध्या तासात संपते. बाथरूममधली पुडी चोवीस तास, तीस दिवस वास सोडत राहते आणि बंद कोंदट जागेत तो साठतो. अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये तीव्र वासाने दुखणं सुरू होणं अगदी सर्रास दिसतं. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिसळलं की त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइडही बनतं, जे डोळे आणि नाक चुरचुरवतं. स्प्रेच्या डब्यात बहुधा गॅसच्या टाकीतल्यासारखाच ज्वलनशील वायू भरलेला असतो. पेटत्या निरांजनाजवळ किंवा गॅसच्या शेगडीपाशी तो कधीही मारू नये. मारलाच तर मारून खोलीबाहेर पडा, दहा मिनिटांनी या.

दोष नेमका कुणाचा हे शोधायला पैसे लागत नाहीत, तीन आठवडे लागतात. पहिला आठवडा घरातले सगळे वास बंद ठेवायचे, पुड्या बाहेर गॅलरीत. मग एकेक वस्तू तीन-तीन दिवस परत आणायची, मध्ये एखादा दिवस मोकळा सोडायचा. कॅलेंडरच्या रकान्यात डोकं दुखल्याची वेळ लिहायची, आणि त्याच्याबरोबर झोप, चहा आणि जेवणाची वेळही. हे शेवटचं महत्त्वाचं. संकष्टीला किंवा एकादशीला पूजा लांबते, धूप जास्त होतो आणि पोट रिकामं असतं; दुपारी दुखणारं डोकं उपवासाचं असतं आणि आळ उदबत्तीवर येतो. वास आल्याबरोबर काही मिनिटांत एकट्यालाच दुखत असेल, उजेडही नकोसा वाटत असेल, तर ती अर्धशिशीची वाट. खोलीतल्या सगळ्यांचंच डोकं जड होतं आणि बाहेर अंगणात आलं की उतरतं, तर तो हवेचा दोष आहे. धुमसणारी वस्तू लगेच बाहेर काढा. अचानक, कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तर हे कॅलेंडर बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा.

खर्च कमी करण्याची खरी जागा दुकानात नसून न्हाणीत आहे. कोकणासारखा दमटपणा आपल्याकडे नाही; नगरच्या कोरड्या हवेत बाथरूमचा घाण वास बरेचदा जाळीखालच्या ट्रॅपमधून येतो. त्या वाकड्या नळीत साठलेलं पाणी गटाराचा वायू अडवतं. न्हाणी आठ-पंधरा दिवस वापरली नाही, उन्हाळा असला, की ते पाणी वाळतं आणि वास वर येतो. तांब्याभर पाणी ओता. तासाभरात वास गेला तर पुडीचे साठ रुपये वाचले. नाही गेला तर सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवा. तो हजार-दीड हजारात येतो. ३५ वॉटचा पंखा रोज दोन तास चालला तर महिन्याला दोन युनिटं, म्हणजे वीस रुपयांच्या आसपास वीज. तीन पुड्यांचा महिन्याचा खर्च धरला तर आठ-दहा महिन्यांत पंख्याचे पैसे वसूल होतात. हवा नीट खेळते का हे पाहायला एक उदबत्ती कामाला येते: पेटवून खिडकीपाशी धरा, धुराची रेघ बाहेर वळते की खोलीतच घुटमळते ते दिसेल. घुटमळत असेल तर समोरचं दारही उघडा.

एका बत्तीपासून मात्र लांबच राहा. डास पळवणारी म्हणून सुट्टी विकली जाणारी, वासाची ‘अगरबत्ती’ खरं तर कीटकनाशक असते. कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक पाकिटावर हवा. क्रमांक नाही, कंपनीचा पत्ता नाही, असा पुडा आठवडी बाजारात दहा रुपयांना मिळाला तरी घेऊ नका. घेतला असेल तर पाकीट फेकू नका, फोटो काढून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना पाकिटावरची माहिती आणि बिल दोन्ही विचारतात.