नोकरीसाठी ‘शब्द टाका’ असे सांगताना

आपल्यापैकी बरेच जण तळेगाव, चाकण, लोणावळा या भागात नोकरीला आहेत किंवा तिथून निवृत्त झाले आहेत. रविवारी उपासनेनंतर एखाद्या वाडीवरचा मुलगा तुम्हाला बाजूला घेतो आणि म्हणतो, “काका, तुमच्या कंपनीत माझं काहीतरी बघा ना. काहीही काम चालेल.” तुम्ही म्हणता, “बघतो.” पुढे त्याचे काही होत नाही. तुम्ही कठोर मनाचे म्हणून नव्हे. त्याने जे मागितले त्याला पटकन हो म्हणताच येत नाही म्हणून.

गेली काही वर्षे मी नाणे मावळ आणि आंदर मावळातल्या कातकरी व ठाकर मुलामुलींबरोबर बसून त्यांचे नोकरीचे निरोप लिहायला मदत करतो. या अंकात मी त्यातला एकच भाग घेतो: ओळखीच्या माणसाला शिफारस कशी मागावी, म्हणजे त्याला चहा संपायच्या आत ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता येईल.

आधी ‘काहीही काम चालेल’ हे वाक्य येते कुठून ते पाहू. वीटभट्टीवर काम मिळते ते मुकादमाकडून. पावसाळा सरला की तो वाडीवर येतो, उचल देतो आणि हंगाम संपेपर्यंत अख्खे कुटुंब भट्टीवर बांधले जाते. तिथे कोण कुठले काम करणार हे मुकादम ठरवतो. मागणाऱ्याने फक्त तयार असायचे. जी मुले हे पाहत मोठी झाली, त्यांच्या दृष्टीने ‘काहीही चालेल’ म्हणणे म्हणजे नम्रपणा. कारखान्यात मात्र तेच वाक्य ऐकणाऱ्यावर ओझे टाकते. कुठे जागा आहे, हा मुलगा कशाला लायक आहे, कोणाला सांगायचे, हे सगळे त्यानेच शोधायचे. एवढा वेळ नोकरदार माणसाकडे नसतो, म्हणून तो ‘बघतो’ म्हणतो.

दुसरी गोष्ट, विचारायचे कोणाला? मुले आधी आपल्या सख्ख्या भावाला, मामाला, मित्राला विचारतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले होते, की ज्याने बातमी दिली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे. दर सहांपैकी साधारण एकानेच ‘वारंवार’ असे सांगितले. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडूनच बातमी मिळाली होती. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत आहे. वाडीवर सगळ्यांना एकच मुकादम माहीत असतो. तळेगावच्या कारखान्यात कोणत्या विभागात माणसे घेत आहेत हे तुमच्यासारख्या नाताळच्या कार्यक्रमात एकदा भेटलेल्या माणसाला ठाऊक असते.

पण अशा माणसाची अडचण वेगळी असते. तो मुलाला ओळखतो, त्याचे काम त्याने पाहिलेले नसते. आपले नाव देऊन कोणाला आत घ्यायला सांगितले आणि तो चौथ्या दिवशी आलाच नाही, तर साहेबापुढे मान खाली जाते. म्हणून शिफारस मागणाऱ्याने ही भीती आधीच ओळखून तिचे उत्तर निरोपातच द्यायचे असते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. कामशेतजवळच्या वाडीवरचा बावीस वर्षांचा मुलगा. बारावी पास, दोन वर्षे एका गोदामात काम केलेले. गोदाम बंद झाले. तळेगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत आपल्या मंडळीतले एक काका स्टोअर्स विभागात आहेत. मुलाने त्यांना पाठवायला लिहिले होते: “काका नमस्कार, जॉब असेल तर सांगा, खूप गरज आहे.” सोबत जातीच्या दाखल्याचा फोटो आणि आधार कार्डाचा फोटो.

मी त्याला म्हटले, हे पाठवण्याआधी दोन दिवस थांब आणि कंपनीच्या गेटवर जाऊन ये. तिथे फलकावर लिहिले होते की ठेकेदारामार्फत स्टोअरसाठी हेल्पर घेणार आहेत, अर्ज शनिवारपर्यंत. अशा जागा बहुतेक वेळा कंपनी स्वतः भरत नाही, ठेकेदार भरतो. त्यामुळे काकांनी आपल्या कंपनीच्या साहेबाशी बोलायची गरजच नव्हती. ठेकेदाराच्या माणसाला एक निरोप पुरेसा होता. मागणी एवढी लहान झाली की निम्मे काम झाले.

मग आम्ही दोन निरोप लिहिले. पहिला काकांसाठी:

“काका नमस्कार. मी कामशेतच्या वाडीवरचा, नाताळच्या कार्यक्रमात मांडवाच्या कामाला होतो तेव्हा आपली भेट झाली होती. तुमच्या कंपनीत ठेकेदारामार्फत स्टोअर हेल्पर घेत आहेत असे गेटवर वाचले. मी दोन वर्षे गोदामात माल उतरवणे, मोजणे आणि चलनाशी ताडून पाहणे हे काम केले आहे. तिथले सुपरवायझर माझ्या कामाबद्दल सांगतील, त्यांना विचारून नंबर दिला आहे. खालचा मजकूर ठेकेदाराच्या माणसाला पुढे पाठवाल का? अर्ज शनिवारपर्यंत आहेत. अवघड वाटत असेल तर ‘जमणार नाही’ एवढे लिहिले तरी चालेल, मी गेटवर स्वतः अर्ज देईन.”

दुसरा निरोप जसाच्या तसा पुढे पाठवण्यासाठी. सुरुवातीला मुलाचे पूर्ण नाव, आणि मग:

“स्टोअर हेल्परच्या जागेसाठी. वय 22, बारावी पास. गोदामात 2 वर्षे: माल उतरवणे, मोजणी, चलन तपासणी. तिन्ही पाळ्या चालतील, स्वतःची दुचाकी आहे. सोमवारपासून येऊ शकतो. फोन: स्वतःचा आणि मोठ्या भावाचा. कामाची चौकशी: आधीचे सुपरवायझर, नाव आणि नंबर.”

हे दोन निरोप वेगवेगळे का? व्हॉट्सअॅपवर निरोप पुढे पाठवताना तो अख्खा जातो. ‘काका नमस्कार’ पासून सगळे एकाच निरोपात असेल तर काकांना नवीन मजकूर टाइप करावा लागतो, आणि टाइप करणे संध्याकाळवर ढकलले जाते. दुसऱ्या निरोपावर बोट दाबून धरले, पाठवला, झाले.

यातली तीन वाक्ये मी मुलांकडून हट्टाने लिहून घेतो. पहिले, काम पाहिलेल्या माणसाचा नंबर. यामुळे शिफारस करणाऱ्यावर कामाची हमी द्यायची वेळ येत नाही. तो इतकेच म्हणू शकतो, “मी मुलाला ओळखतो, कामाचे त्यांना विचारा.” हे खरे असते आणि म्हणून पटकन म्हणता येते. हा दुसरा माणूस गोदामाचा सुपरवायझर असेल, आयटीआयचे निदेशक असतील, हॉटेलच्या किचनमधला मुख्य आचारी असेल. त्याला आधी विचारलेच पाहिजे. अचानक फोन आला आणि तो “कोण? आठवत नाही” म्हणाला, तर तिथेच विषय संपतो.

दुसरे, पाळी आणि येण्याजाण्याची सोय. मावळात हा प्रश्न शिक्षणापेक्षाही मोठा ठरतो. पहिल्या पाळीला पोचायचे तर आंदर मावळातल्या आतल्या वाडीवरून पहाटे निघावे लागते, आणि त्या वेळी एसटी नसते. ठेकेदाराला हे माहीत असते. वाडीचे नाव वाचताच त्याच्या मनात येते, हा रोज येईल कसा? दुचाकी आहे, कंपनीची बस जिथे थांबते तिथपर्यंत चालत येतो, किंवा पाळीच्या दिवसांत कामशेतला मावशीकडे राहतो, जे खरे असेल ते लिहावे. रात्रपाळी जमणार नसेल तर तेही लिहावे. मुलींच्या बाबतीत हे घरी विचारून, ठरवूनच लिहावे. नंतर माघार घेतली तर शिफारस करणाऱ्याची पंचाईत होते.

तिसरे, दुसरा फोन नंबर. ही गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. डोंगराकडेच्या वाड्यांवर रेंज जाते, रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. ठेकेदाराचा माणूस एकदा फोन लावतो, लागला नाही तर यादीतला पुढचा. अर्ज देण्याच्या आठवड्यात रिचार्ज भरलेला असावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आणि काय लिहू नये? गरज. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण गरज खरी असते. पण ‘खूप गरज आहे’ वाचून काकांना दया येते, ठेकेदाराला सांगण्यासारखे काही हाती लागत नाही. जातीचा दाखला खासगी हेल्परच्या जागेला लागत नाही, तो सरकारी भरतीसाठी आणि योजनांसाठी जपून ठेवावा. आधार, पॅन, बँक पासबुक ही कागदपत्रे रुजू होताना लागतात. पहिल्याच निरोपात ती पाठवू नयेत, कारण पुढे पाठवलेला निरोप कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर यूएएन क्रमांक मात्र शोधून ठेवावा. आणि शिफारशीच्या वाटेवर कोणीही पैसे मागितले, गणवेशासाठी म्हणा की ‘फॉर्म’साठी, तर तिथेच थांबावे आणि काकांना कळवावे.

लोणावळ्याच्या हॉटेलांसाठी मांडणी हीच, फक्त वेळ वेगळी. पावसाळ्यात भुशी धरणाकडे गर्दी लोटते तेव्हा मॅनेजरला निरोप वाचायलाही सवड नसते. त्यांना माणसे हवी असतात ती त्याआधी. म्हणून हाऊसकीपिंग किंवा किचनसाठी ओळखीच्या ताईला विचारायचे तर मे महिन्यात, तेही शनिवार-रविवार सोडून.

कामशेतच्या मुलाच्या काकांनी तो निरोप त्याच संध्याकाळी पुढे पाठवला. ठेकेदाराने फोन केला तो आधी जुन्या सुपरवायझरला, मग मुलाला. सगळ्यांच्या बाबतीत असे होत नाही. ज्या ताईंना दुसऱ्या एका मुलीने असाच निरोप पाठवला, त्यांनी दहा मिनिटांत लिहिले, “आमच्याकडे आता जागा नाहीत.” त्या मुलीने त्याच दिवशी दुसरीकडे विचारले. ‘बघतो’ ऐकून ती तीन आठवडे वाट पाहत बसली असती.

उत्तरच आले नाही तर चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करावी, एका ओळीची. त्यानंतर नाही. काम मिळाले तर रुजू झाल्याच्या संध्याकाळी काकांना कळवावे, नाही मिळाले तरी कळवावे. आणि पुढे कधी नोकरी सोडायची वेळ आली, सुगीला घरी राहावे लागले किंवा पाळी झेपेना झाली, तर ते काकांना ठेकेदाराकडून कळू नये. आपण आधी फोन करावा.