खातं बदललंय म्हणे!

अकाउंट्स, पर्चेस आणि स्टोअरच्या सगळ्या मंडळींना,

सूचनाफलकावर लावायला आयटीच्या साहेबांनी चार ओळींचं पत्रक मागितलं होतं. चार ओळींत हे मावेना म्हणून सविस्तर लिहितोय. चहा घेता घेता वाचा, पण वाचा.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेपाचला पर्चेसमधल्या आपल्या पोरीला एक मेल आला. आपल्याला कास्टिंग पुरवणाऱ्या जुन्या पार्टीचा. नवा मेल नव्हता, आपल्याच ऑर्डरच्या चर्चेला आलेलं उत्तर होतं. खाली आपले मागचे पाच मेल जसेच्या तसे, बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर : 8,64,000 रुपये. मजकूर इतकाच की ऑडिट चालू असल्यामुळे जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, पेमेंट सोबतच्या नव्या खात्यावर सोडावं आणि शक्यतो आजच, म्हणजे उद्या माल निघेल. सोबत लेटरहेडवरचं पत्र, सही-शिक्का आणि कॅन्सल्ड चेकचा फोटोसुद्धा.

मेल खोटा होता. पैसे गेले नाहीत, पण फार थोडक्यात वाचलो.

आधी हे समजून घ्या की चोराला आपला बिल नंबर कळला कसा. आपल्याकडून नाही. पुरवठादाराच्या ऑफिसात कुणीतरी ‘तुमची मेलबॉक्स भरली आहे, इथे पासवर्ड टाका’ असल्या मेलला बळी पडलं होतं. पासवर्ड हाती लागल्यावर चोर गडबड करत नाही. तो गुपचूप मेल वाचत बसतो, कुणाचं बिल कधी द्यायचंय ते बघतो आणि पेमेंटच्या तोंडावर मध्ये घुसतो. म्हणून ‘त्यांना आपला व्यवहार माहीत आहे, म्हणजे मेल खराच’ हा हिशेब आता डोक्यातून काढून टाका. इंग्रजी चुकलेलं असेल, लॉटरी लागल्याचं लिहिलेलं असेल, असले मेल ओळखायचे दिवस संपले. गुरुवारच्या मेलचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आता खोट कुठे होती ते सांगतो. पार्टीचं नाव इथे देत नाही, तिचा पत्ता नमुन्यादाखल असा धरा :

```
खरा  : accounts@example.com
खोटा : accounts@exarnple.com
```

दिसला फरक? एम या अक्षराच्या जागी आर आणि एन जोडून बसवलेत. मोबाइलच्या बारीक अक्षरांत तुमच्या तरुण डोळ्यांनाही तो दिसणार नाही, माझी तर गोष्टच सोडा. त्यातून मोबाइलवर बहुतेक वेळा पत्ता दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं आणि ते नाव पाठवणारा हवं ते लिहू शकतो. म्हणून पैशाचा किंवा पासवर्डचा विषय असलेला मेल मोबाइलवर वाचून निर्णय घ्यायचा नाही. टेबलावरच्या संगणकावर उघडा, नावावर माऊस न्या, पूर्ण पत्ता बघा आणि जुन्या फाइलमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. सीसीमध्ये त्या पार्टीच्या मालकांचाही पत्ता होता. तोही तसाच बनावट. म्हणजे आपण सगळ्यांना उत्तर दिलं असतं तरी ते चोरांच्याच घरात फिरत राहिलं असतं.

कुणी विचारेल, आयटीने चाळण्या लावल्यात ना? लावल्यात. पण त्या चाळण्या एवढंच तपासतात की मेल ज्या पत्त्यावरून आला म्हणतो, त्याच पत्त्याच्या मालकाने तो पाठवलाय का. आर-एनवालं नाव चोरानेच रीतसर पैसे भरून घेतलेलं होतं. त्यामुळे चाळणीच्या दृष्टीने मेल अगदी सोवळ्यातला.

लिंक आली तर वाचायची कशी, तेही सांगतो, कारण यात शिकलेसवरलेले फसतात. आपलं नाव कसं असतं? आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. घराणं शेवटच्या शब्दावरून कळतं. लिंकचंही तसंच. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिथे थांबायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं.

```
https://example.com.payment.example.net/login
```

सुरुवातीला ओळखीचं example.com दिसलं म्हणून विश्वास ठेवाल, पण हे घराणं example.net चं आहे. त्याआधीचं सगळं त्यांनी लावलेलं बारशाचं नाव. शेवटी .co.in सारखं जोडआडनाव असेल तर तीन शब्द बघायचे. आणि ते कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नका. वाटेत कुणी ऐकत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना नेटबँकिंगसाठी .bank.in या आडनावाकडे जायला सांगितलं आणि त्याची मुदत 31 ऑक्टोबर 2025 होती. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचं आडनाव .bank.in नसेल तर ती उघडायचीच नाही.

पण खरं सांगू? गुरुवारी आपल्या पोरीला ते आर-एन दिसलं नव्हतंच. तिला खटकला तो आयएफएससी. अकरा अक्षरांचा असतो तो : पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. तिने पार्टीच्या लेजरला जुना कोड काढला तर पहिली चार अक्षरंच वेगळी. शाखा शोधली तर दोन राज्यं पलीकडची. भोसरीत भट्टी चालवणारा माणूस तिकडे कशाला खातं उघडेल? मग तिने जे केलं, तोच माझा कानमंत्र. तिने फोन केला. मेलखाली ‘अडचण आल्यास या मोबाइलवर संपर्क साधा’ असा नंबर होता, त्यावर नाही. तो नंबर चोराचा असतो आणि तिकडून गोड आवाजात ‘हो मॅडम, बदललंय खातं’ असंच उत्तर येतं. तिने पार्टी नोंदवताना घेतलेल्या फॉर्मवरचा लँडलाइन नंबर लावला. पलीकडचे अकाउंटंट म्हणाले, “अहो, आमचं खातं वीस वर्षांत बदललेलं नाही!”

खातं बदलायचा निरोप कुणाचाही असो, आपल्या फाइलमधल्या जुन्या नंबरवर, आवाज ओळखणाऱ्या माणसाने फोन करायचा. कुणाशी किती वाजता बोललो ते कागदावर लिहायचं. मग दुसऱ्याने पाहून सही करायची, त्याशिवाय खातं बदलायचं नाही. लेटरहेड आणि कॅन्सल्ड चेक हा पुरावा नव्हे, ते घरबसल्या बनवता येतात.

नावाचीही एक गंमत सांगतो. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. नाव तुम्ही काहीही घाला, नंबर चुकला की पैसे गेले. आता रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून 1 एप्रिल 2025 पासून बँकांना खातं जोडतानाच समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवायची सोय द्यावी लागते. ते दाखवलेलं नाव वाचत जा. फॅक्टरीचं पेमेंट आणि नाव कुण्या एका इसमाचं दिसलं तर तिथेच हात थांबवायचा. एक्सेल चढवून वीस पेमेंटं एकदम सोडायच्या घाईत हे नाव कुणी वाचत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

कारण एकदा मीच नव्हतं वाचलं. इथे येण्याआधी दुसऱ्या ठिकाणी होतो तेव्हाची गोष्ट. असाच मेल, 3,12,000 रुपये, शुक्रवारची संध्याकाळ. रात्री जेवताना घास हातात असताना लक्षात आलं की तो पत्ता काहीतरी वेगळाच होता. तेव्हा फोन करायला हवा होता. मी केला नाही. पंचवीस वर्षांची नोकरी, लोक काय म्हणतील, सकाळी बघू. सकाळी बँकेत गेलो तोवर त्या खात्यातून पैसे चार ठिकाणी फुटले होते आणि तिथून एटीएममधून निघालेही होते. एक पैसा परत आला नाही. फसल्याबद्दल मालक मला काही बोलले नाहीत, रात्रभर गप्प बसल्याबद्दल बोलले. चेकच्या जमान्यात क्लिअरिंगला दोन दिवस लागायचे, तेवढ्यात चूक सापडायची. आता एनईएफटी दर अर्ध्या तासाला, चोवीस तास, रविवारीसुद्धा चालते आणि आरटीजीएस तर लगेच पोचते. म्हणून गेलेल्या पैशाचा हिशेब मिनिटांत करायचा.

आता कळवायचं कुणाला. संशय आला की आधी आयटीला इंटरकॉम 214 वर तोंडी सांगायचं. मेल पाठवून वाट बघत बसायचं नाही. मूळ मेल पुसायचा नाही आणि साधा पुढे ढकलायचाही नाही, कारण तसं केलं की तो कुठून आला याच्या आतल्या खुणा गळून जातात. ‘जोडपत्र म्हणून पाठवा’ असा पर्याय असतो, तो वापरा. जमत नसेल तर तसाच ठेवा, ते येऊन बघतील. त्या मेलला उत्तर द्यायचं नाही, ‘चोरा, सापडलास’ असंही नाही. आयटीला घाई असते, कारण अशा प्रकारांची खबर सीईआरटी-इन या सरकारी यंत्रणेला सहा तासांच्या आत द्यावी लागते.

लिंकवर पासवर्ड टाकून बसला असाल तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पण संगणक बंद करू नका. दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. मग आयटीकडून मेलबॉक्समधले नियम तपासून घ्या. चोर तिथे गुपचूप नियम लावून ठेवतो, की ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल बाहेर पाठव आणि इथून लपव. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो, आणि हे फार जणांना माहीत नसतं.

पैसे सुटलेच असतील तर पहिला फोन आपल्या बँकेला, लगेच दुसरा 1930 ला. रात्री दोन वाजले असले तरी. हाताशी यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचं खातं ठेवा, म्हणजे पुढच्या बँकांत पैसे गोठवायची खटपट सुरू होते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर त्यानंतर. आणि मला फोन करा. मी रागावणार नाही, मला रागवायचा अधिकारच नाही.

तो गुरुवारचा मेल आयटीने वेगळ्या संगणकावर ठेवलाय. उद्या अकरा ते एक माझ्या टेबलाशी या. आधी खरा आणि खोटा मेल शेजारी शेजारी लावून तुम्हाला दाखवीन, मग ते आर-एन कुणाला माझ्याआधी दिसतं ते बघतो.