मोबाईलमधील पावले खरी किती?

श्रीरामपूरहून रोज एसटीने अहिल्यानगरला नोकरीस जाणाऱ्यांना व्यायामास वेळ उरत नाही. म्हणून बरेचजण मोबाईलमध्ये पावले मोजणारे अॅप घेतात. परंतु हे अॅप पाऊल पाहत नाही, फोनला बसणारे हिसके मोजते. त्यामुळे खराब रस्त्यावर बसल्या जागीही पावले वाढू शकतात.

पारख सोपी आहे. बसमध्ये बसताना व उतरताना आकडा टिपून घ्यावा. समजा, तो जाताना ५०० व येताना ५०० ने वाढला, तर रात्रीच्या ५,००० मधून १,००० वजा करावेत. खरी चाल ४,००० पावलांचीच.

अशांना अॅपमधील उठण्याची आठवण अधिक उपयोगी. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालणाऱ्यांची जेवणानंतरची रक्तातील साखर, सतत बसून राहण्याच्या मानाने, बरीच कमी वाढली. कचेरीत इतके जमत नसल्यास निदान डबा खाल्ल्यानंतरच्या दोन तासांसाठी ही आठवण लावावी. मोबाईल टेबलावर न ठेवता खिशात ठेवावा, नाहीतर ही चाल मोजलीच जाणार नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांना चालताना घाम, थरथर जाणवल्यास थांबून साखर खावी व डॉक्टरांना सांगावे.