देवाचा पत्ता : परदेशी गेलेल्यांनी बांधलेली देवळे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या दत्तजयंतीची गोष्ट. पालखी आटोपून आम्ही चारसहा जण मंडपात प्रसादाला बसलो होतो. शेजारी आमच्या मंडळातले एक काका होते. त्यांचा मुलगा बारा-पंधरा वर्षांपासून अमेरिकेत आहे. पोळीचा घास हातातच धरून काका म्हणाले, "पोरानं तिकडच्या देवळाला मोठी देणगी दिली म्हणते. आता सांगा, इथल्या मंडपाचा पत्रा गळून राहिला, आन् हे तिकडं देऊळ बांधून राहिले. देव इथं नाही काय जी?"

मी तेव्हा काही बोललो नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. माणूस पोटासाठी दूर जातो हे समजते. गेल्यावर तो देऊळ का बांधतो आणि ते कसे उभे राहते, हे वर्षभर वाचून पाहिले. जे समजले ते या अंकात मांडतो.

मी बँकेत कारकून होतो, आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज खात्यात गेली. त्यामुळे देऊळ म्हटले की माझ्या मनात कळसाआधी कागद येतो. देवस्थानाचे कर्जप्रकरण टेबलावर आले की पहिला प्रश्न असे, जागा कुणाच्या नावावर? आखीव पत्रिका काढा. एकदा एका मंडळाचे प्रकरण आले होते. देऊळ चांगले पन्नास वर्षांचे, पण जागा अजूनही एका दिवंगत सभासदाच्या नावावर होती आणि त्यांचे वारस आपसात भांडत होते. प्रकरण परत गेले. देव सर्वांचा होता, जागा मात्र चार वारसांची निघाली. परदेशातल्या देवळांविषयी वाचताना मला हाच प्रश्न पदोपदी भेटला.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे लहानसे बेट आहे. तिथे इंग्रजांच्या राज्यात उसाचे मळे होते. 1835 साली गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे नेणे सुरू झाले होते. करार पाच वर्षांचा आणि पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापत. पुढच्या पाऊणशे वर्षांत अशी साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. त्यात बिहारचे सर्वांत जास्त, मद्रासकडचे बरेच, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकण-घाटावरचे लोक थोडे.

पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळे. रजिस्टरात नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज लिहिले जाई. मी स्वतः रजिस्टरे भरलेला माणूस, म्हणून मला हे फार लागले. आडनावाचा घोळ तिथेच झाला. कारकुनाने जे ऐकले तेच लिहिले, आणि पुढच्या पिढ्यांत आजोबाचे पाळण्यातले नावच घराचे आडनाव झाले. म्हणून आज तिथल्या मराठी घरांची आडनावे सखाराम, लक्ष्मण, बाबाजी अशा वळणाची सापडतात. मूळ आडनाव गेले आणि त्याबरोबर गावाचा धागाही बहुतेकांचा तुटला.

अशा माणसाजवळ देवासाठी जागा कुठली? राहायची झोपडी मळेवाल्याची, अंगणही त्याचेच. तेव्हा पहिली देवस्थाने झाली ती मळ्याच्या कडेला, झाडाखाली. बिहारच्या लोकांनी कालीमाईसाठी सात दगड मांडले, त्यांना शेंदूर लावला. त्याला ना भिंत लागली ना परवानगी. आपल्याकडे बांधावरचा म्हसोबा असतो, तसेच हे. काही मळेवाल्यांनी पुढे देवळाला जमिनीचा तुकडाही दिला. मजूर टिकून राहावा हा त्यात हिशेब होताच. पण दिलेला तुकडा हा मालकाच्या मर्जीचा तुकडा असतो.

खरा बदल झाला तो 1880 च्या सुमारास. साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, कमी पिकाच्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. ज्यांचा करार संपला होता आणि ज्यांनी पै-पै साठवली होती, त्यांनी हप्त्याने ते तुकडे घेतले. माझ्या मते त्या बेटावरच्या देवळांचा इतिहास इथून पालटतो. जमीन नावावर झाली, मळ्याबाहेर गावे वसली, आणि गाव वसले की देवाला पत्ता मिळाला. हेन्रिएटा नावाच्या गावात 1896 साली मराठी मंडळींनी त्या देशातला पहिला गणेशोत्सव केला असे तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते आणि गणपती वाजतगाजत नदीवर, समुद्रावर जातात. आपल्या कोकणातले जाखडीचे नाच तिथे 'झाकरी' या नावाने टिकले आहेत. लग्नाकार्यात गोंधळही घालतात.

एक गोष्ट वाचून मी थांबलोच. तिथल्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात हिंदू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर 'मराठी' अशीही वेगळी नोंद होते. आपल्याकडे मराठी ही भाषा, तिकडे तो जणू धर्म! याचे कारण असे की घरात बोलायची भाषा हळूहळू क्रिओल झाली. मराठी बोलणारी घरे फार थोडी उरली. पण देऊळ, गणपती आणि गोंधळ राहिले, आणि 'आम्ही मराठी' हे सांगायला तेवढीच खूण उरली. शिवाय तिथले सरकार धार्मिक संस्थांना अनुदान देते आणि मराठी मंडळींच्या महासंघालाही ते मिळते. म्हणजे देवळाचे रजिस्टर नीट ठेवले तर समाजाचीही नोंद राहते. आडनाव एका रजिस्टरात हरवले आणि ओळख दुसऱ्या रजिस्टरात सापडली, असे म्हणावेसे वाटते.

आता जागा नावावर नसली तर काय होते, हे पाहायला दुसऱ्या बेटावर जाऊ. करारावर मजूर नेण्याची हीच पद्धत इंग्रजांनी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादलाही चालवली. तिथे पहिले जहाज 30 मे 1845 रोजी लागले. पुढे 1907 साली एका मजूर जोडप्याबरोबर चार वर्षांचा एक मुलगा तिथे उतरला. त्याचे नाव शिवदास. मोठेपणी तोही उसाच्या मळ्यातच राबला. पैसे साठवून तो भारतात तीर्थयात्रेला येई, आणि आपल्या बेटावर देऊळ बांधायचे हे त्याने मनाशी घेतले. लोक त्याला शिवदास साधू म्हणू लागले.

1947 साली वॉटरलू नावाच्या गावी समुद्रकाठच्या ओसाड जागेवर त्याने देऊळ बांधले. लोक येऊ लागले, पूजा होऊ लागली. पण जागा साखर कंपनीची होती. चार-पाच वर्षांनी कंपनीने देऊळ पाडायला सांगितले. त्याने नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले, 1952 साली त्याला चौदा दिवसांचा तुरुंगवास आणि दंड झाला, आणि देऊळ भुईसपाट करण्यात आले.

सुटून आल्यावर या माणसाने काय केले? जमिनीवर देवाला जागा देत नाही म्हणता, तर समुद्र काही कंपनीचा नाही! काठापासून सुमारे पाचशे फूट आत, ओहोटीला चिखल उघडा पडतो अशा जागी त्याने भराव घालायला घेतला. दगड, वाळू, सिमेंट सायकलवर लादून न्यायचे. रिकामी पिंपे चिखलात उभी करून त्यांत काँक्रीट भरायचे, म्हणजे लाटेने भराव वाहून जात नाही. भरती आली की काम बंद. मजुरी करून उरलेल्या वेळात, बहुतेक एकट्यानेच, तो आयुष्याच्या अखेरीपर्यंत हे करीत राहिला. सुरुवातीला लोक त्याला वेडा म्हणत.

तो गेला आणि देवळाची आबाळ झाली. समुद्राने भिंती खाल्ल्या. एकट्याच्या कामाची ही मर्यादाच असते. मागे विश्वस्त नाहीत, निधी नाही, डागडुजीचा माणूस नाही. पुढे 1995 साली, भारतीय लोक बेटावर आल्याला दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने, सरकारनेच मदत करून ते देऊळ पुन्हा बांधले. ज्या देवळापायी माणूस तुरुंगात गेला, ते आता त्या देशाचे प्रेक्षणीय स्थळ आहे.

दत्तभक्तांना आणखी एक सांगायचे आहे. याच परिसरात, कारापिचैमा इथे, आज दत्तात्रेयांचे मोठे मंदिर आहे. म्हैसूरच्या श्रीगणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतले हे स्थान. तिथली 85 फुटी हनुमंताची मूर्ती 2003 साली उभी राहिली. त्रिनिदादच्या लोकांचे पूर्वज बहुतेक अवध-बिहारकडचे. त्यांनी बोटीतून रामायण नेले, हनुमान नेला. दत्तगुरूंची उपासना त्यांच्या गाठोड्यात फारशी नसावी. ती नातवंडा-पणतवंडांनी नव्याने घेतली. म्हणजे परदेशातले देऊळ ही काही आजीच्या लोणच्याची बरणी नव्हे, की घातले तसेच झाकून ठेवायचे. तिथे नवी फोडही पडते. आपल्याला यात नवल वाटू नये. श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म आपल्या वऱ्हाडातल्या कारंज्याचा, पण त्यांचे राहणे झाले वाडीला आणि गाणगापूरला. स्थान जन्माने मिळते तसे मुक्कामानेही होते.

आता काकांच्या मुलाकडे वळतो. आजची मुले करारावरचे मजूर नाहीत, पण पायऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत. आधी कुणाच्या तरी घरी आरती, मग शाळेचा हॉल भाड्याने, मग एखादी जुनी इमारत विकत घेणे. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधले गणपतीचे देऊळ असेच झाले. 1970 साली संस्था नोंदवली, मग एका जुन्या चर्चची जागा घेतली, आणि 1977 साली प्रतिष्ठापना झाली. मधली सात वर्षे वर्गणीची आणि कागदांची. देणगीचा आकडा पाहून काकांना जो राग आला, त्या आकड्यात जागेचा हप्ता असतो हे मी त्यांना समजावून सांगितले.

ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे पोरगा तिकडचाच झाला म्हणा."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याला परत यायचे असते तो देवाचा फोटो भिंतीला लावतो, आणि ज्याला राहायचे असते तो देवाच्या नावावर जमीन घेतो. मॉरिशसच्या लोकांनी तुकडा विकत घेतला तेव्हा त्यांनीही मनात हेच ठरवले असणार. आईबापांना हे जड जाते आणि त्यावर माझ्याजवळ औषध नाही. पण कागदाच्या माणसाला एवढे दिसते की जिथे देऊळ झाले तिथे चौथ्या पिढीलाही आपण कोण ते सांगता आले. जिथे झाले नाही, तिथे आडनावही उरले नाही.

काकांनी परवा मुलाला फोन करून दोन गोष्टी विचारल्या. देवळाची जागा संस्थेच्या नावावर आहे ना, आणि सकाळी देवळाचे दार कोण उघडते? पहिल्याचे उत्तर 'हो' आले. दुसऱ्याला मुलगा म्हणाला, "शनिवारी मी उघडतो, बाबा."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इथल्या पत्र्याचंही पाहू आता."

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥