माहितीपत्रक समजावताना

सातारा-सांगली भागात औषध-चाचण्यांसाठी येणाऱ्यांना माहितीपत्रक समजावून सांगणं हे माझं काम. पत्रक बहुधा पंधरा-वीस पानांचं असतं आणि समोरचा माणूस म्हणतो, "मॅडम, तुम्ही सांगाल तिथं सही करतो." या वाक्यानंतर मी पेन बाजूला ठेवते.

१. उद्देश आधी, आणि स्पष्ट.
तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका मधुमेहाच्या गोळीच्या चाचणीसाठी आले होते. नेहमीची मेटफॉर्मिन चालू ठेवायची, तिच्या जोडीला नवी गोळी किंवा औषध नसलेली, पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो. सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल?" ते म्हणाले, "डॉक्टर माझी साखर बघून नवीन भारी औषध देणार." म्हणजे त्यांना मुद्दा कळलाच नव्हता. नवी गोळी उपयोगी पडते का, तेच अजून ठाऊक नाही. ते शोधायलाच चाचणी आहे. "कळलं का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. म्हणून मी त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावते, आणि जिथं अडतं तिथून पुन्हा सुरू करते.

२. सगळ्यात जास्त वेळ प्लासिबोला द्यावा.
कोणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. डॉक्टरांना आणि रुग्णाला, दोघांनाही ते कळत नाही. मात्र जिवावर बेतलं तर गोळीचा संकेतांक उघडून लगेच बघता येतं. काका चिडले, "म्हणजे निम्म्या लोकांना फसवायचं?" प्रश्न रास्त होता.

त्यांना मी शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातली चाचणी सांगितली. २००२ ते २००५ या काळात तिथं १६२० बाळंतिणींपैकी साधारण निम्म्यांना प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना प्लासिबो. प्लासिबोच्या गटात शंभरातल्या बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात साधारण सहा जणींना. औषध घेतलेल्यांना थंडी वाजणं आणि ताप मात्र जास्त होता. तुलनेला दुसरा गट नसता तर हा फरक गोळीचा की नशिबाचा, हे कोणी सांगितलं असतं? शिवाय त्या काळी तिथल्या परिचारिकांच्या हातून होणाऱ्या बाळंतपणांत रक्तस्राव टाळणारं औषध देण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे कुणाचा चालू इलाज काढून घेतला नव्हता.

काकांसाठी कळीचा प्रश्न तोच होता: प्लासिबो आली तर माझी मेटफॉर्मिन बंद होणार का? नाही. आणि साखर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर वेगळं औषध सुरू करायचं, हेही पत्रकात लिहिलेलं होतं. ती ओळ मी बोट ठेवून दाखवली. कोणत्याही पत्रकात ही ओळ सापडली नाही, तर ती मागून घ्यावी. प्रमाणित इलाज उपलब्ध असूनही तो न देता प्लासिबो दिल्यानं इजा झाली, तर २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार भरपाई मिळते.

३. धोका त्या माणसाच्या दिनक्रमात बसवून सांगावा.
"साखर कमी होण्याची शक्यता" एवढं वाचून काही हाती लागत नाही. काका एकादशी करतात आणि लोणंद-फलटणच्या टप्प्यात वारीला चालतात. उपाशीपोटी चालताना घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काय खायचं, कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. टक्केवारीऐवजी मी "शंभरात किती" असं सांगते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत, हेही त्याच वेळी सांगते. दूरच्या परिणामांबद्दल पत्रकात "अज्ञात" लिहिलेलं असेल तर तेही मोठ्यानं वाचते; घाईत तीच ओळ सुटते.

४. सही त्याच दिवशी नको.
कागद घरी न्यावा, मुलाला, सुनेला, गावातल्या डॉक्टरांना दाखवावा. वाचता येत नसेल तर वाचन सुरू झाल्यापासून सहीपर्यंत चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. आमच्यातलाच कर्मचारी चालत नाही. सही झालेली प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे.

५. बाहेर पडायचा हक्क म्हणजे नेमकं काय, ते सांगावं.
कारण न देता कधीही थांबता येतं आणि त्यामुळे त्या दवाखान्यातला नेहमीचा इलाज बंद होत नाही. पण लोकांना नाही म्हणायचा संकोच वाटतो, मग ते फोन उचलणं सोडतात. त्यात धोका आहे: काही औषधं एकदम बंद करायची नसतात, हळूहळू कमी करावी लागतात. म्हणून मी सांगते, "थांबायचं ठरवलंत तर फक्त कळवा. उरलेल्या गोळ्या परत द्या. शेवटची रक्ततपासणी तुमच्या भल्यासाठी आहे, पण तिचीही सक्ती नाही." तोवर जमा झालेली माहिती अभ्यासात राहते, पुढची घेतली जात नाही. साठवलेल्या रक्ताचं काय करणार, हे पत्रकात बघायचं.

काका चार दिवसांनी मुलाला घेऊन आले. मुलानं पहिला प्रश्न विचारला तो छाटणीच्या दिवसांत तपासणीची तारीख चुकली तर काय, हा. तारखेच्या दोन्ही बाजूंना किती दिवसांची सवलत आहे, ते पत्रकात शोधून आम्ही तिघांनी खूण केली आणि मग काकांनी सही केली.